शेणात मेलेला हेराक्लिटस

गेल्या पावसाळ्यात आमच्या इथल्या वाचनालयात ग्रीक तत्त्वज्ञांवर एक व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते. हेराक्लिटसची नदी, त्याचा अग्नी, परस्परविरोधी गोष्टींतला मेळ हे सारे त्यांनी नीट उलगडून सांगितले. श्रोते जरा जडावले आहेत असे वाटले असावे, म्हणून त्यांनी एक किस्सा सोडला. जगाला मूर्ख समजणाऱ्या या गर्विष्ठ माणसाला म्हातारपणी जलोदर झाला, वैद्यांशी तो कोड्यात बोलला, आणि शेवटी अंगाला शेण फासून उन्हात पडला असताना मेला. सभागृहात हशा पिकला. हसणे ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका निवृत्त डॉक्टरबाईंनी विचारले, "हे पाहिले कोणी? तिथे त्याच्याजवळ कोण होते?" वक्ते म्हणाले, "प्राचीन चरित्रग्रंथात तसे दिले आहे," आणि पुढे पार्मेनिडीसकडे वळले. उत्तर खोटे नव्हते, पण त्याने प्रश्नाचे समाधान झाले नाही. घरी येताना छत्रीवर पाऊस वाजत होता आणि माझ्या डोक्यात बाईंचा तो साधा, दवाखान्यात केस लिहून घेताना विचारावा तसा प्रश्न घोळत राहिला.

तो प्राचीन चरित्रग्रंथ म्हणजे डायोजिनीस लाएर्शियस याने लिहिलेली तत्त्वज्ञांची चरित्रे. हा डायोजिनीस साधारणपणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आणि हेराक्लिटस ख्रिस्तपूर्व 500 च्या आसपासचा. म्हणजे दोघांमध्ये सुमारे सातशे वर्षांचे अंतर आहे. हेराक्लिटसच्या समकालीनांपैकी त्याच्याविषयी लिहिलेले कोणाचेही काही आपल्यापर्यंत आलेले नाही. त्याचा स्वतःचा ग्रंथही हरवला. नंतरच्या लेखकांनी आपापल्या कामापुरती उद्धृत केलेली त्याची सुमारे सव्वाशे वाक्ये तेवढी उरली आहेत, आणि त्यांतलीही काही संशयास्पद आहेत. माणसाचे जीवन मात्र जवळजवळ सगळे या एका डायोजिनीसच्या नवव्या खंडातल्या काही पानांवर उभे आहे. डायोजिनीस फार चिकित्सक नव्हता, पण त्याचा एक मोठा गुण आहे. एकच गोष्ट त्याला चार ठिकाणी चार प्रकारे मिळाली, तर तो चारही प्रकार नावानिशी लिहून मोकळा होतो. त्याच्या या सवयीमुळेच डॉक्टरबाईंच्या प्रश्नाचा थोडाफार माग काढता येतो.

हेराक्लिटसच्या मृत्यूचे त्याने दिलेले प्रकार असे आहेत. माणसांचा वीट येऊन हेराक्लिटस डोंगरात गेला, गवत आणि पाला खाऊन राहू लागला. त्यातून त्याला जलोदर झाला म्हणून तो शहरात उतरला, आणि वैद्यांना त्याने कोड्यात विचारले की अतिवृष्टीतून अवर्षण करून दाखवता येईल का. वैद्यांना ते कळले नाही. तेव्हा तो गोठ्यात जाऊन शेणात स्वतःला पुरून बसला, शेणाच्या उबेने अंगातले पाणी आटेल या आशेवर. पाणी काही आटले नाही आणि वयाच्या साठाव्या वर्षी तो मेला. हर्मिपस नावाच्या ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या चरित्रकाराच्या मते मात्र कोडे वगैरे नव्हते. आतडी पिळून पाणी बाहेर काढता येईल का, असे त्याने वैद्यांना सरळ विचारले, ते नाही म्हणाले, तेव्हा तो उन्हात आडवा झाला आणि पोरांना त्याने अंगावर शेण लिंपायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो मेला आणि त्याला शहराच्या चौकात पुरले. सिझिकसचा निआन्थीस तर सांगतो की अंगावरचे शेण त्याला काढताच आले नाही. तो तसाच पडून राहिला, रूप पालटल्यामुळे ओळखू येईना, आणि कुत्र्यांनी त्याला खाल्ले.

गोठा, ऊन, कुत्री. तिन्ही एकदम खरी असू शकत नाहीत.

संतचरित्रे वाचताना आपल्याला एक सवय लागलेली असते. चमत्कार तेवढे वजा करायचे आणि उरलेले बहुतांशी खरे मानायचे. माझ्या पिढीच्या पुष्कळ वाचकांनी हीच रीत इतिहास म्हणून आत्मसात केली आहे. हेराक्लिटसच्या मृत्यूकडे याच रीतीने पाहू गेलो तर हाती काहीच वजा करण्यासारखे लागत नाही, कारण यात चमत्कार मुळी नाहीच. जलोदर होतो, पोट घागरीसारखे फुगते, वैद्य हात टेकतात आणि हताश रोगी वाटेल तो उपाय करून पाहतो. थंडीत सकाळी उकिरड्यातून वाफा निघताना ज्याने पाहिले आहे त्याला साठलेल्या शेणात ऊब असते हे सांगावे लागत नाही, आणि लहानपणी गोवऱ्या थापताना ज्याच्या हाताला शेण वाळले आहे त्याला ते वाळताना कातडी कशी ओढून धरते हेही ठाऊक असते. आजोळी गोवऱ्यांच्या भिंतीशी खेळून आल्यावर मनगटावरचा तो हिरवट करडा पापुद्रा नखाने सोलून काढायला आम्हांला मजा वाटे. पाणी शोषून घेण्यासाठी कोणी अंगाला शेण लावले असेल, यात अशक्य असे काही नाही. म्हणूनच ही कथा फसवी आहे. देव विमानातून आला असे कोणी लिहिले तर वाचक सावध होतो, पण रोगी शेणात बसला असे लिहिले तर तो नाक मुरडतो आणि विश्वास ठेवतो.

मग पारखायचे कसे? प्राचीन चरित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत एक कसोटी बरीच वापरली आहे, आणि हेराक्लिटसइतकी ती दुसऱ्या कोणाला चपखल बसत नसेल. चरित्रातली घटना घ्यायची आणि त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत तिचे बीज सापडते का ते पाहायचे. मी एका रविवारी दुपारी डायोजिनीसची ती पाने डाव्या हाताला आणि हेराक्लिटसची वाक्ये उजव्या हाताला ठेवून बसलो. जे दिसले ते आधी गमतीचे वाटले आणि मग हळूहळू अस्वस्थ करू लागले.

जलोदरापासून सुरुवात करू. हेराक्लिटसच्या मते हे विश्व म्हणजे मापाने पेटणारा आणि मापाने विझणारा चिरंतन अग्नी, आणि जीव हा त्या अग्नीच्याच जातीचा. त्याचे एक वाक्य सांगते की जिवांना पाणी होणे हा मृत्यू आहे. दुसरे सांगते की कोरडा जीव सर्वांत शहाणा आणि सर्वांत उत्तम. तिसऱ्यात दारू प्यालेला माणूस येतो. मिसरूड न फुटलेला पोरगा त्याला हाताला धरून नेतो, आपण कुठे चाललो आहोत हे त्याला कळत नाही, कारण त्याचा जीव ओला झालेला असतो. आता असा विचार करा, की ज्याने जन्मभर ओलेपणाला मूर्खपणा आणि मृत्यू म्हटले, त्या माणसाला मारायचे तर कोणत्या रोगाने माराल? क्षय, ताप, पक्षाघात यांपैकी कशातच ती खोच नाही. त्याला आतून पाण्यानेच भरले पाहिजे.

अतिवृष्टीतून अवर्षणाचे कोडेही त्याच्याच घरचे आहे. थंड ते तापते, तापलेले निवते, ओले वाळते, वाळलेले भिजते, असे त्याचे एक वाक्य आहे. म्हणजे चरित्रातला हेराक्लिटस वैद्यांपुढे स्वतःचाच सिद्धान्त मांडतो आणि तो आपल्या अंगावर लागू करून मागतो. पुन्हा ते कोड्यात, कारण दुर्बोध लिहिणारा अशीच त्याची प्राचीन काळी ख्याती होती. आणि हे मागणे वैद्यांकडेच का? तर त्याच्या एका वाक्यात वैद्यांवर कोरडे ओढलेले आहेत. हे लोक रोग्याला कापतात, डागतात, नाना प्रकारे छळतात आणि वर पुरेशी दक्षिणा मिळत नाही म्हणून कुरकुरतात, असे तो म्हणतो. ज्यांची अशी टर उडवली त्यांच्याच दारात त्याला लाचार होऊन उभे करायचे, आणि त्यांनी 'कळत नाही' म्हणून त्याला परत पाठवायचे, हा काव्यगत न्याय रचणाऱ्याने चांगला साधला आहे.

शेण तर सर्वांत उघड. प्रेते शेणापेक्षाही फेकून देण्याच्या लायकीची, असे हेराक्लिटसचे जहाल वाक्य आहे. मृतांच्या अंत्यविधींना पवित्र कर्तव्य मानणाऱ्या ग्रीकांना ते किती झोंबले असेल याची कल्पना करता येते. प्रेताला शेणाहून हीन म्हणणाऱ्याचे प्रेतच शेणात घातले की हिशेब चुकता होतो. त्याशिवाय आणखी एक वाक्य आहे. रक्ताचा दोष घालवण्यासाठी लोक बळीचे रक्त शिंपडतात, ते चिखलात पाय पडलेल्याने चिखलानेच पाय धुवावेत तसे आहे, असे तो म्हणतो. अंगातले ओले काढण्यासाठी ओलसर शेण लिंपून घेणारा रोगी या वाक्याशेजारी ठेवून पाहा.

आणि निआन्थीसची कुत्री. डायोजिनीसच्या पानावर ती मला उगाच घातलेली, केवळ बीभत्सपणासाठी आणलेली वाटली होती. मग उजव्या हाताच्या कागदांत एक पाच-सहा शब्दांचे वाक्य सापडले. कुत्री ज्याला ओळखत नाहीत त्याच्यावर भुंकतात. निआन्थीस काय सांगतो? रूप पालटल्यामुळे तो ओळखू येईना, म्हणून कुत्र्यांनी त्याला खाल्ले. हेराक्लिटसने ते वाक्य बहुधा नवा विचार ऐकताच खेकसणाऱ्या लोकांना उद्देशून लिहिले असावे. चरित्रकाराने त्यातली कुत्री शब्दशः घेतली आणि लेखकावरच सोडली.

एखादे साम्य योगायोगाने येईल. रोग, कोडे, वैद्य, शेण, कुत्री या पाचही गोष्टींची बीजे एकाच माणसाच्या उरल्यासुरल्या सव्वाशे वाक्यांत सापडावीत, हा योगायोग मानायला मी तयार नाही. ज्याने कोणी ही कथा प्रथम जुळवली त्याच्यासमोर हेराक्लिटसचा ग्रंथ होता, आणि त्याने तो बारकाईने वाचला होता. किंबहुना वैराने वाचल्याशिवाय इतके बारीक वाचन होत नसावे, असेही मला वाटून गेले. त्यामुळे हे मरण हेराक्लिटसविषयी जवळजवळ काही सांगत नाही, पण त्याचा ग्रंथ पहिल्या दोन-तीन शतकांत कसा वाचला गेला, त्यातली कोणती वाक्ये लोकांच्या मनाला टोचली, हे मात्र चांगले सांगते. डायोजिनीसलाही हा विनोद कळला होता. त्याने स्वतः रचून टाकलेल्या चार ओळींच्या पद्यात रोगाचे पाणी हेराक्लिटसच्या शरीरात पसरते आणि डोळ्यांतला उजेड विझवते. आग आणि पाण्याची जोडी त्याने बरोबर उचलली. शंका मात्र घेतली नाही.

त्याच्याही आधी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाने आपल्या टिपणवहीत मेलेल्या थोरांची यादी करताना लिहिले आहे की विश्वाच्या अग्निप्रलयाविषयी एवढे विवेचन करणारा हेराक्लिटस आतून पाण्याने भरून, शेण फासलेल्या अवस्थेत मेला. सम्राट हसत नाही. मरण कोणाला सोडत नाही याचा दाखला म्हणून तो हे गंभीरपणे देतो. मूळची थट्टा होती, तिचे तोवर वृत्त झाले होते. वाचनालयातल्या हशाने नकळत तिला पुन्हा मूळ जागी नेले, असे म्हणता येईल.

इथवर कसोटी फार सुखाने चालते. पुढे ती अडखळते.

हेराक्लिटस आर्टेमिस देवीच्या देवळात जाऊन पोरांबरोबर जनावरांच्या घोट्याच्या हाडांचे फासे खेळत असे, अशी एक गोष्ट डायोजिनीस देतो. भोवती त्याच्या एफेसस शहराचे लोक जमले तेव्हा तो म्हणाला की नालायकांनो, आश्चर्य कसले करता, तुमच्याबरोबर राज्यकारभार करण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? बीज शोधायला फार लांब जावे लागत नाही. काळ हा सोंगट्या खेळणारा पोर आहे, राज्य त्या पोराचे आहे, हे त्याचे प्रसिद्ध वाक्य. दुसऱ्या एका वाक्यात तो म्हणतो की एफेससच्या सगळ्या प्रौढांनी गळफास लावून घ्यावा आणि शहर मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हवाली करावे, कारण त्यांनी आपल्यातला सर्वांत उपयोगी माणूस हर्मोडोरस याला हाकलून दिले. दोन वाक्ये जोडली की पोरे, खेळ आणि शहरावरचा राग हे तिन्ही मिळून देवळातला प्रसंग तयार होतो. कसोटीप्रमाणे तो बाद. पण मन पूर्णपणे राजी होत नाही. पोरांचा खेळ बघत, कदाचित त्यात सामील होत, तासन् तास बसलेल्या माणसालाच काळ सोंगट्या खेळणाऱ्या पोरासारखा दिसला असेल, हेही शक्य आहे. जीवनातून वाक्य आले की वाक्यातून जीवन रचले गेले, हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही. साम्य सापडले की ती घटना खोटी ठरत नाही. तिला वेगळा, स्वतंत्र आधार उरत नाही, इतकेच म्हणता येते. मृत्यूच्या कथेत मला खात्री वाटते ती साम्यांच्या संख्येमुळे आणि तीन प्रकारांच्या आपसातल्या विसंगतीमुळे. देवळातल्या प्रसंगात ते दोन्ही नाही.

याउलट हर्मोडोरसची हद्दपारी मी निःशंकपणे घेतो, कारण ती चरित्रकाराने सांगितलेली नाही, खुद्द हेराक्लिटसच्या तोंडची आहे. एवढा एक चिडका उद्गार हाच बहुधा त्याच्या आयुष्यातला सर्वांत पक्का पुरावा. त्या हर्मोडोरसलाही पुढे दंतकथा चिकटली. तो रोमला गेला आणि तिथल्या बारा पाट्यांच्या कायद्याला त्याने साहाय्य केले, असे रोमन लोक सांगू लागले. ते असो.

आता एक अशी गोष्ट, की जिचे बीज मला त्याच्या वाक्यांत कुठे सापडले नाही. हेराक्लिटसने आपला राजेपणा भावाला देऊन टाकला, असे डायोजिनीस लिहितो. अँटिस्थिनीस नावाच्या लेखकाने हे त्याच्या मनाच्या मोठेपणाचा दाखला म्हणून दिले होते. वाचताना हेही राजपुत्राच्या वैराग्याच्या साच्यातले वाटते, आणि आपल्याकडच्या वाचकाला तर फारच ओळखीचे. परंतु स्ट्रेबो हा भूगोलकार, या चरित्रांशी काही संबंध नसताना, एफेससविषयी सांगतो की शहर वसवणाऱ्या अँड्रोक्लसच्या वंशजांना त्याच्या काळीही राजे म्हणत. सत्ता काही नव्हती, पण खेळांच्या वेळी पुढची जागा, जांभळे वस्त्र, राजदंडाच्या जागी काठी आणि डेमेटर देवीच्या पूजेचा मान त्यांच्याकडे होता. म्हणजे एफेससमध्ये 'राजेपणा' हा सिंहासनाचा प्रकार नव्हता, तो घराण्यात चालत आलेला एक मान होता, आणि असा मान भावाकडे सोपवणे ही अगदी घरगुती, शक्य कोटीतली गोष्ट आहे. अलेक्झांड्रियात बसून थट्टा रचणाऱ्याला हा स्थानिक तपशील सुचण्याचे कारण दिसत नाही. माझ्या मते चरित्रातले हे वाक्य कुठल्यातरी खऱ्या माहितीचा उरलेला तुकडा असण्याचा संभव बराच आहे. खात्री देता येणार नाही.

त्याच्या काळाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आकडा दिसला की आपण लगेच नमते घेतो. एकोणसत्तराव्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे ख्रिस्तपूर्व 504 ते 501 मध्ये, हेराक्लिटस ऐन भरात होता असे डायोजिनीस सांगतो. ही तारीख बहुधा अपोलोडोरस या ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या कालगणनाकाराकडून आलेली आहे, आणि त्याची रीत आता अभ्यासकांना माहीत आहे. जन्मसाल ठाऊक नसलेल्या माणसाचा एखाद्या मोठ्या घटनेशी किंवा राजाशी मेळ घालायचा आणि त्या वेळी तो चाळीस वर्षांचा होता असे धरायचे. हेराक्लिटसच्या बाबतीत तो राजा इराणचा दारयुश असावा, ज्याने ख्रिस्तपूर्व 522 ते 486 राज्य केले. दारयुशाने हेराक्लिटसला दरबारी बोलावल्याचे आणि त्याने नकार दिल्याचे एक पत्रयुगुलही डायोजिनीसने दिले आहे. ती पत्रे नंतर कोणीतरी सरावासाठी रचलेली आहेत, याबद्दल आज फारसे दुमत नाही. तर 504 ते 501 मध्ये चाळीस धरले की जन्म साधारण 544 ते 541 चा येतो, आणि मृत्यूच्या वेळचे साठ वर्षे वय जोडले की मृत्यू 480 च्या सुमाराचा. पुस्तकांत हेराक्लिटसच्या नावापुढे कंसात छापलेली सालांची जोडी अशी जन्माला येते. दोन्ही टोके हिशेबाने काढलेली, पाहिलेली एकही नाही. तरीही ही तारीख फार चुकलेली नसावी, असे मानायला त्याच्याच शब्दांचा आधार आहे. पुष्कळ माहितीने शहाणपण येत नाही, येत असते तर हेसिअड, पायथागोरस, झेनोफनीस आणि हेकॅटिअस यांना आले असते, असे तो लिहितो. ज्यांची नावे अशा तुच्छतेने घेता येतात ते लिहिणाऱ्याच्या आधीचे किंवा त्याच्या काळातले वजनदार लोक असले पाहिजेत, आणि त्यावरून ख्रिस्तपूर्व 500 च्या अलीकडेपलीकडे आपण पोहोचतो. तेवढे पुरे. कंसातले साल मात्र मी आता पेन्सिलीने लिहिलेले समजतो.

या चरित्राविषयी माझी खरी तक्रार त्यात जे आहे त्याबद्दल नाही. त्यात जे नाही त्याबद्दल आहे. तो काळ एफेसस ज्या प्रदेशात होते त्या आयोनियातल्या ग्रीक शहरांनी इराणी सत्तेविरुद्ध केलेल्या बंडाचा होता, 499 ते 494. हेरोडोटस सांगतो की 498 मध्ये बंडखोरांची गलबते एफेससच्या किनाऱ्याला लागली, एफेससच्या वाटाड्यांनी त्यांना आत नेले, त्यांनी इराणी सत्तेचे ठाणे सार्डिस जाळले, आणि परतताना इराणी सैन्याने त्यांना एफेससजवळच गाठून झोडपले. पुढे 494 मध्ये लाडेच्या आरमारी पराभवानंतर कीऑस बेटाचे काही खलाशी पायी पळत रात्री एफेससच्या हद्दीत शिरले. तिथे बायकांचा डेमेटरचा उत्सव चालू होता. हे बायका पळवायला आलेले दरोडेखोर आहेत अशा समजुतीने एफेससच्या पुरुषांनी त्यांना कापून काढले. आपल्याच बाजूची, हरून आलेली, दमलेली माणसे अंधारात ओळखू आली नाहीत. हेराक्लिटस तेव्हा त्या शहरात असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कानावर ती बातमी आली असेल. चरित्रात यातले एक अक्षर नाही. पोरांचे फासे आहेत, गोठा आहे, कुत्री आहेत, पण ज्या युद्धातून ते शहर गेले ते युद्ध नाही.

हे लिहिताना मोह कसा अनावर होतो ते सांगतो. युद्ध हे सर्वांचे जनक आणि सर्वांचा राजा आहे, असे हेराक्लिटसचे वाक्य आहे. त्याच्या शेजारी ती रात्र ठेवली की वाक्याला एकदम चेहरा येतो. न ओळखलेल्यांवर भुंकणारी कुत्रीही मग तिथेच जाऊन बसतात. पण हे वाक्य त्याने त्या रात्रीनंतर लिहिले की वीस वर्षे आधी, हे कळायला काही मार्ग नाही. वाक्य घ्यायचे आणि त्याला शोभेशी घटना जोडायची, हा उद्योग हर्मिपसचा. माझ्या मनात त्याचीच थोडी सभ्य आवृत्ती चालू झाली होती. त्याने थट्टेसाठी जोडले, मी करुणेसाठी जोडू पाहत होतो. पुराव्याच्या दृष्टीने दोन्हींची किंमत सारखीच. पुढच्या काळात रडणारा हेराक्लिटस आला तोही असाच. घराबाहेर पडला की लोकांकडे पाहून तो रडायचा, असे रोमन लेखक सेनेका सांगतो, आणि हसणाऱ्या डेमोक्रिटस या तत्त्वज्ञाशी त्याची जोडी लावतो. उरलेल्या वाक्यांत तुच्छता आहे, संताप आहे, क्वचित विस्मय आहे, पण अश्रू मला कुठे दिसले नाहीत. जोडी मात्र चित्रकारांना फार आवडली.

मग त्या डॉक्टरबाईंना काय सांगावे? मृत्यूसमयी त्याच्याजवळ कोण होते हे डायोजिनीसला माहीत नव्हते, हर्मिपसलाही नव्हते. मात्र डायोजिनीसनेच, शेण आणि कुत्री यांचे प्रकार देऊन झाल्यावर, मध्ये दुसऱ्या गोष्टी सांगून, एका ओळीत आणखी एक मत नोंदवले आहे. अ‍ॅरिस्टन नावाच्या लेखकाने हेराक्लिटसवर ग्रंथ लिहिला होता. त्यात तो म्हणतो की हेराक्लिटसचा जलोदर बरा झाला आणि तो दुसऱ्याच रोगाने मेला. हिप्पोबोटस या लेखकाचेही तेच म्हणणे होते. या मतात विनोद नाही, न्याय नाही, कोणत्याही वाक्याची पडछाया नाही, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी पुढे नेले नाही. त्यावर अधिक विश्वास ठेवावा असे मला वाटते, पण तेही सावधपणे. कारण अ‍ॅरिस्टनसमोर जलोदराची कथा आधीच होती हे त्याच्या वाक्यावरूनच दिसते, आणि आवडत्या लेखकाची अब्रू वाचवण्यासाठी त्याने ती अशी मोडून काढली असणेही शक्य आहे. त्याचा ग्रंथ आज नाही. तो दुसरा रोग कोणता, हे अ‍ॅरिस्टनने लिहिले असेलही. डायोजिनीसने उतरून घेतलेल्या ओळीत ते नाव आलेले नाही.